घुबड उडालं की बाहेर आलं?

एका मुलाने पाळलेला बेडूक रात्री बरणीतून निसटतो. सकाळी मुलगा आणि त्याचा कुत्रा त्याला शोधायला जंगलात निघतात. अमेरिकी चित्रकार मर्सर मेयर यांच्या १९६९ सालच्या 'फ्रॉग, व्हेअर आर यू?' या पुस्तकाची गोष्ट एवढीच. पुस्तकात नुसती २४ चित्रं आहेत, मजकूर नाही. त्यामुळे भाषावैज्ञानिकांच्या हाती ते आयतंच साधन लागलं. तीच चित्रं वेगवेगळ्या भाषांच्या माणसांसमोर ठेवायची, 'आता ही गोष्ट सांगा' म्हणायचं आणि कोण काय बोलतं ते टिपून घ्यायचं. रूथ बर्मन आणि डॅन स्लोबिन यांनी इंग्रजी, जर्मन, स्पॅनिश, हिब्रू आणि तुर्की या पाच भाषांतल्या गोष्टींचा अभ्यास १९९४ साली पुस्तकरूपाने छापला. त्यानंतर हा बेडूक जगातल्या कितीतरी भाषांत शोधला गेला.

त्यातलं एकच चित्र इथे पाहू. मुलगा झाडावर चढून एका ढोलीत डोकावतो. पुढच्या चित्रात तो खाली जमिनीवर उताणा पडलाय आणि ढोलीच्या तोंडाशी पंख पसरलेलं घुबड आहे. मराठी माणूस हे सांगताना बहुधा म्हणेल, 'ढोलीतून एक घुबड बाहेर आलं.' स्पॅनिश माणूस म्हणतो 'सालिओ उन बुओ', म्हणजे घुबड निघालं. फ्रेंच, इटालियन, तुर्की आणि हिब्रू बोलणारेही जवळपास नेहमी 'निघालं' या अर्थाचंच क्रियापद वापरतात. पंख पसरलेले दिसत असूनही घुबड उडालं, असं ते सहसा म्हणत नाहीत. इंग्रजी बोलणाऱ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोक मात्र 'फ्ल्यू आउट' किंवा 'पॉप्ड आउट' म्हणतात, म्हणजे कसं बाहेर आलं तेही सांगतात. आणि स्लोबिन यांच्या नोंदीतल्या रशियन निवेदकांनी तर एकूण एक 'विलेतेला' म्हटलं, म्हणजे उडत बाहेर आलं.

चित्र एकच आणि डोळे सगळ्यांचे सारखेच असूनही सांगण्यात हा फरक का पडावा?

मार्ग आणि रीत

याचं उत्तर लेनर्ड टॅल्मी यांच्या मांडणीत आहे. कॅलिफोर्नियातल्या अत्सुगेवी या आदिवासी भाषेवर त्यांनी १९७२ साली बर्कलीला प्रबंध लिहिला. ती भाषा आणि इंग्रजी यांची तुलना करताना त्यांच्या लक्षात आलं की, हालचालीचं वर्णन करायला सगळ्या भाषा सारख्याच गोष्टी हाताळतात, पण त्या वाक्यात ठेवतात वेगवेगळ्या जागी. १९८५ सालच्या एका दीर्घ लेखात त्यांनी हा विचार अनेक भाषांवर तपासला.

हालचालीच्या घटनेत काय काय असतं? हलणारी वस्तू असते. जिच्या संदर्भात ती हलते अशी एखादी जागा असते. शिवाय मार्ग असतो : आत, बाहेर, वर, खाली, पलीकडे. आणि बहुतेक वेळा हालचालीची एक रीत असते : धावत, रांगत, तरंगत, घरंगळत. प्रश्न असा की, वाक्याच्या मुख्य क्रियापदाची खुर्ची या दोघांपैकी कोणाला द्यायची, मार्गाला की रीतीला?

टॅल्मी यांनी दिलेलं उदाहरण बाटलीचं आहे. इंग्रजीत म्हणतात, 'द बॉटल फ्लोटेड इन्टू द केव्ह.' इथे 'फ्लोटेड' हे क्रियापद रीत सांगतं. बाटली आत गेली ही बातमी 'इन्टू' या चिमुकल्या शब्दात आहे. स्पॅनिशमध्ये 'ला बोतेया एन्त्रो फ्लोतान्दो अ ला क्वेवा' असं होतं. इथे 'एन्त्रो' म्हणजे 'शिरली' हे मुख्य क्रियापद आणि 'फ्लोतान्दो' म्हणजे 'तरंगत' ही जोड आहे. मराठीत हेच वाक्य 'बाटली तरंगत गुहेत शिरली' असं होतं. म्हणजे मार्ग क्रियापदात आणि रीत '-त' प्रत्यय लागलेल्या जोडशब्दात, अगदी स्पॅनिशसारखं.

स्पॅनिशसारख्या भाषांना टॅल्मी यांनी 'व्हर्ब-फ्रेम्ड' म्हटलं, कारण मार्गाची चौकट त्यांच्या क्रियापदातच असते. फ्रेंच, तुर्की, जपानी, हिब्रू, तमिळ या त्यातल्याच. इंग्रजी, जर्मन, रशियन यांना त्यांनी 'सॅटेलाइट-फ्रेम्ड' म्हटलं. उपग्रह ग्रहाभोवती फिरावा तसे छोटे शब्द किंवा उपसर्ग त्यांच्या क्रियापदाभोवती फिरतात आणि मार्गाचं काम करतात. रशियनमधल्या 'विलेतेला'त 'वि-' म्हणजे बाहेर आणि पुढचा भाग म्हणजे उडालं. रशियनमध्ये या उपसर्गाला टेकायला एखादं क्रियापद लागतंच, आणि चालत गेलं, वाहनाने गेलं की उडत गेलं, यासाठी तिथली क्रियापदं वेगवेगळी आहेत. घुबडासाठी हाताशी येणारं क्रियापद उडण्याचंच. सगळ्या रशियन निवेदकांनी घुबड उडवलं ते यामुळे.

एखादी भाषा कोणत्या गटातली, हे ठरवताना एक पथ्य पाळावं लागतं. इंग्रजीत 'एन्टर', 'असेंड', 'डिसेंड' हे शब्दही आहेत आणि ते मार्ग क्रियापदातच ठेवतात. पण ते फ्रेंच-लॅटिनमधून आलेले आणि जरा औपचारिक आहेत. रोजच्या बोलण्यात इंग्रज माणूस 'गो इन', 'गो अप' असंच म्हणेल. म्हणून टॅल्मी यांची अट अशी की, शब्दरचना रोजच्या बोलण्यातली, वारंवार येणारी आणि सगळ्या प्रकारच्या हालचालींना चालणारी असली, तरच ती त्या भाषेची मुख्य तऱ्हा मानायची.

उंबरठा ओलांडण्याची अडचण

इथपर्यंत हा नुसता वर्गीकरणाचा मामला वाटेल. पण त्यातला एक बारकावा असा आहे की, तो आपल्या रोजच्या मराठीतही तपासून पाहता येतो.

स्पॅनिशमध्ये 'तो घरापर्यंत धावला' असं सरळ म्हणता येतं. तिथे रीतीचं क्रियापद मुख्य असलं तरी कुणाला खटकत नाही. 'तो धावत घरात शिरला' हे मात्र 'धावला' या क्रियापदाने सांगता येत नाही. १९८९ साली जॉन आस्के यांनी हा फरक दाखवला आणि पुढे स्लोबिन आणि निनी होइटिंग यांनी त्याला नेमकं रूप दिलं : हालचाल एखादी सीमा ओलांडत असेल, म्हणजे बाहेरची वस्तू आत, आतली बाहेर किंवा अलीकडची पलीकडे जात असेल, तर या भाषा मुख्य जागी मार्गाचं क्रियापदच मागतात.

हीच कसोटी मराठीला लावू. 'बाळ दारापर्यंत रांगलं' हे वाक्य चालतं, कारण बाळ दाराशी पोचलं, पण कुठली सीमा ओलांडली गेली नाही. 'बाळ आईकडे रांगलं' हेही चालतं. आता 'बाळ खोलीत रांगलं' असं म्हणून पाहा. वाक्य चुकीचं नाही, पण त्याचा अर्थ बाळ खोलीत होतं आणि तिथल्या तिथे रांगत होतं, असाच होतो. ते बाहेरून आत आलं, हे त्यातून निघत नाही. तसं सांगायचं तर 'बाळ रांगत खोलीत आलं' म्हणावं लागतं. 'ती मंचावर नाचली' आणि 'ती नाचत मंचावर आली' यांतही हाच भेद आहे. बाटलीचंही तसंच. 'बाटली गुहेत तरंगली' म्हटलं की बाटली आधीपासूनच गुहेत आहे.

याचं एक कारण आपल्या '-त' या प्रत्ययात आहे. 'खोलीत बसला' आणि 'खोलीत गेला' या दोन्हीकडे तो सारखाच दिसतो. जागा सांगायची की पोचण्याचं ठिकाण, हे प्रत्यय ठरवत नाही, क्रियापद ठरवतं. 'जाणे', 'येणे', 'शिरणे' यांच्यात मार्ग असल्याने प्रत्ययाला पोचण्याचा अर्थ मिळतो. 'रांगणे', 'नाचणे', 'तरंगणे' यांच्यात मार्ग नसतो, म्हणून तो नुसती जागा दाखवतो. जर्मनमध्ये हा भार विभक्तीवर आहे. 'इम त्सिमर' म्हटलं की नाच खोलीतच चालतो आणि 'इन्स त्सिमर' म्हटलं की नाचणारा बाहेरून आत येतो. त्यामुळे क्रियापद दोन्ही वाक्यांत 'नाचणे' असलं तरी घोटाळा होत नाही.

नियमाला अपवाद आहेत आणि तेही बोलके आहेत. 'उंदीर बिळात पळाला' हे मराठीत बेधडक चालतं. 'त्याने विहिरीत उडी मारली' हेही. पळण्यात 'इथून दूर' असा मार्ग आधीच दडलेला असतो आणि उडी ही क्षणात संपणारी क्रिया आहे. सीमा एका झटक्यात पार होत असेल तर रीतीचं क्रियापद चालून जातं, असा अनुभव स्पॅनिशमध्येही आहे. रांगणं, तरंगणं, नाचणं या वेळ घेणाऱ्या क्रियांना मात्र ही सवलत नाही. तुम्हाला कुठल्याही भाषेचा गट ओळखायचा असेल तर रांगणाऱ्या बाळाला उंबरठ्यावरून आत आणा, उडी मारणाऱ्याला नको.

हरीण, कडा आणि तळं

बेडकाच्या गोष्टीतलं आणखी एक दृश्य या फरकाचा पुढचा परिणाम दाखवतं. मुलगा हरणाच्या शिंगांत अडकतो. हरीण त्याला घेऊन कड्यापर्यंत धावतं, थांबतं, आणि मुलगा व कुत्रा खालच्या पाण्यात कोसळतात. इंग्रजी निवेदक हे सगळं एका क्रियापदात भरतात : कड्यावरून, खाली, पाण्यात, असे मार्गाचे तुकडे एका 'थ्रू'मागे रांगेने लागतात. स्पॅनिश निवेदकांना हे जड जातं, कारण मार्गाचा प्रत्येक तुकडा स्वतःचं क्रियापद मागतो. म्हणून ते वेगळा रस्ता धरतात. आधी जागेचं चित्र उभं करतात : पुढे कडा होता, खाली तळं होतं. मग सांगतात, हरणाने त्यांना टाकलं आणि ते पाण्यात पडले. मार्ग कुठून कुठे गेला ते ऐकणारा स्वतःच जोडून घेतो. स्लोबिन यांचं म्हणणं असं की, इंग्रजी गोष्टी हालचालीत रमतात आणि स्पॅनिश गोष्टी देखाव्यात.

इथे मराठी स्पॅनिशपासून दूर जाते. 'हरणाने मुलाला कड्यावरून खाली पाण्यात फेकलं' हे वाक्य आपल्याला मुळीच अवघडलेलं वाटत नाही. '-वरून', 'खाली', '-त' ही तीन टोकं एकाच क्रियापदाला सहज बांधली जातात. स्पेन-फ्रान्सच्या सीमेवर बोलली जाणारी बास्क भाषाही मार्ग क्रियापदात ठेवणारी आहे, पण तिच्यातही नामाला विभक्तीचे भरपूर प्रत्यय लागतात. इराइदे इबारेत्चे-आन्तुन्यानो यांनी दाखवलं की, बास्क निवेदक मार्गाचे तपशील स्पॅनिश निवेदकांपेक्षा मोकळेपणाने देतात. दोन भाषा एकाच गटात बसल्या म्हणजे त्यांच्या गोष्टी सारख्या होतात असं नाही. प्रत्ययांची श्रीमंती मधे येते.

रीतीचंही तसंच आहे. रीतीला क्रियापदाची जागा मिळाली नाही तर ती गळून पडेल, असं वाटतं खरं, पण मराठीने तिच्यासाठी दुसरं दार उघडं ठेवलंय. 'साप सुळकन बिळात शिरला', 'खार सरसर झाडावर चढली', 'चिमणी भुर्रकन उडून गेली', 'पोरगं दुडूदुडू बाहेर आलं'. यातल्या 'शिरला', 'चढली' यांनी मार्ग सांगितला आणि पुढच्या-मागच्या नादशब्दाने रीत. बास्क आणि जपानी भाषांतही असे नादशब्द मोठ्या संख्येने आहेत आणि अभ्यासकांनी त्यांच्याकडे याच कारणाने लक्ष दिलं. नुसती क्रियापदं मोजली तर या भाषा रीतीच्या बाबतीत दरिद्री दिसतात, पण वाक्य पूर्ण ऐकलं तर दिसत नाहीत.

शिवाय सगळ्या भाषा या दोन खणांत बसत नाहीतच. चिनी आणि थाई भाषांत 'उडणे' आणि 'निघणे' अशी दोन क्रियापदं शेजारी शेजारी बरोबरीने येतात, मुख्य कोण ते सांगणं कठीण. त्यांच्यासाठी स्लोबिन यांनी तिसरा गट सुचवला. तो मानायचा की नाही, यावर वाद आहे.

उपसर्ग विरघळले

भाषा कायम एकाच गटात राहते का? नाही, आणि आपल्याच घरात त्याचा पुरावा आहे. संस्कृतात मार्गाचं काम मोठ्या प्रमाणावर उपसर्ग करत. 'गच्छति' म्हणजे जातो, 'आगच्छति' म्हणजे येतो, 'निर्गच्छति' बाहेर जातो, 'अनुगच्छति' मागोमाग जातो. 'धावति'लाही 'अनु' लागून 'अनुधावति' होतं, म्हणजे रीत क्रियापदात आणि मार्ग उपसर्गात. ही चाल रशियनच्या जवळची आहे.

प्राकृतातून मराठीपर्यंत येताना हे उपसर्ग धातूत विरघळून गेले. 'उठणे'मध्ये 'उद्' आणि 'स्था' आहेत, 'बसणे'मध्ये 'उप' आणि 'विश्' आहेत, पण आज ते कुणाला ऐकू येत नाहीत. 'उतरणे' तर फारच मजेदार. ते 'उत्तरति'वरून आलं, म्हणजे 'उद्' अधिक 'तॄ', पाण्यातून वर येणे, पार होणे. नावेतून किनाऱ्यावर येणं हाही त्याचाच अर्थ होता. तिथून नावेवरून, घोड्यावरून, मग जिन्यावरून खाली येणं असा अर्थ सरकत गेला. 'वर' दाखवणारा उपसर्ग पोटात घेऊन हे क्रियापद आज 'खाली' सांगतं.

लॅटिनमधून स्पॅनिश होताना नेमकं हेच घडलं. लॅटिनमध्येही मार्ग उपसर्गांत होता. 'सुबीरे' या क्रियापदात 'सुब्' म्हणजे खाली. त्याचा अर्थ खालून जवळ जाणे असा होता. त्यातून आलेलं स्पॅनिश 'सुबीर' म्हणजे आज वर चढणे. उपसर्ग ऐकू येईनासा झाला की धातू मोकळा होतो आणि पूर्ण मार्ग एकट्याने वाहू लागतो. उपग्रह असलेली भाषा क्रियापदात मार्ग ठेवणारी कशी होते, त्याची ही एक वाट आहे. एकमेकींशी संबंध न येता दोन भाषाकुळशाखांनी ती धरली.

दिसतं वेगळं की बोललं जातं वेगळं?

भाषेत रीत गौण असेल तर त्या भाषेच्या माणसाला रीत कमी दिसते का? हा प्रश्न ॲना पापाफ्रागू, जस्टिन हल्बर्ट आणि जॉन ट्रूजवेल यांनी २००८ साली नजरेचा माग घेणाऱ्या यंत्राने तपासला. एका बाजूला इंग्रजी बोलणारे, दुसऱ्या बाजूला मार्गाला क्रियापदात जागा देणारी ग्रीक बोलणारे. दोघांना हालचालीची छोटी चलचित्रं दाखवली. 'पाहून वर्णन करायचं आहे' असं सांगितलं तेव्हा पहिल्या सेकंदातच नजरा वेगळ्या झाल्या. आपली भाषा जे क्रियापदात ठेवते तिकडे प्रत्येकाची नजर आधी गेली. पण नुसतं पाहून लक्षात ठेवायला सांगितलं तेव्हा हालचाल चालू असताना दोन्ही गटांच्या नजरा सारख्याच फिरल्या. फरक पडला तो हालचाल संपल्यावर, आणि तोही उलटा : आपल्या क्रियापदात जे येत नाही तिकडे लोक जास्त पाहू लागले, जणू तेवढं वेगळं लक्षात ठेवायला हवं. म्हणजे भाषा डोळ्यांवर झापड बांधत नाही. ती बोलायची वेळ आली की काम करू लागते. स्लोबिन याला 'बोलण्यासाठीचा विचार' म्हणतात.

अनुवादकाची तर रोजचीच ती वेळ. स्लोबिन यांनी इंग्रजी कादंबऱ्यांचे स्पॅनिश आणि स्पॅनिश कादंबऱ्यांचे इंग्रजी अनुवाद तपासले. स्पॅनिश अनुवादकांनी मुळातल्या रीतीचा तपशील जवळपास निम्म्या ठिकाणी गाळला होता. उलट इंग्रजी अनुवादकांनी जवळपास पाव ठिकाणी मुळात नसलेली रीत स्वतः घातली होती.

याला कोणी आळस म्हणेल, कोणी आगाऊपणा. पण एक वाक्य मराठीत आणून पाहा : 'ही लिम्प्ड अक्रॉस द रोड अँड इन्टू द शॉप.' 'तो लंगडत रस्ता ओलांडून दुकानात शिरला' असं आपण सहज म्हणू शकतो. काही गळलं नाही. तरी दोन वाक्यांचं वजन सारखं नाही. इंग्रजीत क्रियापदाची जागा कशाने तरी भरावीच लागते, 'वॉक्ड'ने किंवा 'लिम्प्ड'ने, त्यामुळे लंगडणं ओघात येऊन जातं. मराठीत 'लंगडत' हा शब्द नसता तरी वाक्य पूर्ण होतं. तो मुद्दाम घातलेला आहे, म्हणून वाचक त्याच्याकडे पाहतो आणि या लंगडण्याचा पुढे काहीतरी संबंध असणार असं धरून चालतो. प्रत्येक वाक्यात असा '-त' आला तर प्रामाणिक अनुवादही अकारण गजबजतो. तो लंगडतो हे गोष्टीला हवं आहे की ते फक्त इंग्रजीच्या क्रियापदाची जागा भरतंय, हे ओळखून ठेवायचं किंवा सोडायचं, एवढाच निर्णय अनुवादकापुढे असतो. जे भाषा फुकट देते ते सांगितलं जातं आणि ज्याला जादा शब्द मोजावा लागतो ते निवडलं जातं. म्हणून मराठीत घुबड नुसतं बाहेर आलं तर सांगणाऱ्याला पंख दिसले नव्हते असा निष्कर्ष काढू नये, आणि ते 'फडफडत' बाहेर आलं तर त्या फडफडीकडे जरूर लक्ष द्यावं.